एकाच ‘ए’चे दोन ढीग: अकान स्वरांच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

काम एकदाचं सुरू केलं. घानातल्या अकान भाषेचे स्वर मोजायचे आणि ते देवनागरीत कसे लिहायचे ते ठरवायचं. पुण्यात शिकायला आलेला कुमासीचा एक मित्र बोलून देणार आहे. त्याची बोली असांते, म्हणजे अकानचीच एक. दर रविवारी एक तास बसायचं असं ठरलं.

आज त्याने पंधरा-वीस शब्द सहज म्हणून दाखवले आणि मी कानाला पडले तसे देवनागरीत उतरवले. ‘तो म्हणतो’ हे मी ‘ऑसे’ असं लिहिलं, ‘तो घेतो’ हे ‘ओजे’, आणि ‘तो दाखवतो’ हे ‘ऑचेरॅ’. मराठी कानाला इ, ए, ॲ अशी एक शिडी ठाऊक आहे: तोंड जरा जरा उघडत जायचं, जीभ जरा जरा खाली. ओठ गोल केले की तीच शिडी उ, ओ, ऑ. मी नकळत सगळे शब्द या शिडीवर बसवले.

घरी येऊन वही पाहिली तर एक गोष्ट खटकली. ‘तो’ साठीचा तुकडा कधी ‘ऑ’, कधी ‘ओ’. मित्राने तो मुद्दाम बदलला नव्हता. मग ‘से’च्या आधी ‘ऑ’ आणि ‘जे’च्या आधी ‘ओ’ का? दोन्हीकडे मी शेवटी ‘ए’च लिहिला आहे.

७ जानेवारी

पुस्तकी बाजू पुन्हा वाचली. अकानमध्ये नऊ स्वर आहेत आणि ते दोन गटांत पडतात.

```
+ATR   i  e  o  u
-ATR   ɪ  ɛ  ɔ  ʊ   a
```

एटीआर म्हणजे जिभेचं मूळ पुढे ओढणं. मूळ म्हणजे जिभेचा तो भाग जो आरशात दिसतच नाही, घशाच्या पुढच्या भिंतीचा. तो पुढे सरकला की त्याच्या मागची पोकळी मोठी होते. पहिल्या ओळीतले स्वर तसे. दुसऱ्या ओळीत मूळ मागे राहतं किंवा मागे खेचलं जातं आणि पोकळी आकसते.

आता याला मराठीत काय म्हणायचं? ‘पुढचे’ आणि ‘मागचे’ म्हटलं तर अग्रस्वर आणि पश्चस्वर यांच्याशी घोळ होणार, कारण ते जिभेच्या वरच्या फुगवट्याबद्दल आहे. इथे दोन्ही ओळींत अग्रस्वरही आहेत आणि पश्चस्वरही. ‘संवृत’ आणि ‘विवृत’ हे तोंड किती उघडलं त्याचे शब्द, म्हणजे नेमकी तीच शिडी जिच्यातून बाहेर पडायचं आहे. माझ्या सहकारीने ‘जिव्हामूलीय’ सुचवला. ऐकायला झकास, पण संस्कृतात तो क-ख च्या आधी येणाऱ्या विसर्गाला दिलेला आहे, आणि तो स्वर नव्हे. शेवटी घशावरून नाव घेतलं: पहिली ओळ ‘मोकळे’, दुसरी ‘आवळलेले’. डौलदार नाही, पण चुकीच्या ठिकाणी नेत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ हेही मनातून काढून टाकावं लागलं. दुसऱ्या ओळीतला पहिला स्वर दिसला की इंग्रजी शिकलेल्या माणसाला लगेच ‘बिट’ आठवतो आणि पहिल्या ओळीतला दिसला की ‘बीट’. मार्क टीडे यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या कामात अकान आणि इंग्रजी दोन्हींची एमआरआय चित्रं शेजारी ठेवली आहेत. अकानच्या मोकळ्या स्वरात घशाची पोकळी पुढे-मागे तर वाढतेच, शिवाय आडवीही रुंदावते आणि स्वरयंत्र खाली उतरतं. इंग्रजीच्या ‘बीट’सारख्या ताणलेल्या आणि ‘बिट’सारख्या सैल स्वरांत फरक आहे तो पुढे-मागे इतकाच. म्हणजे अकानमध्ये सगळी नळी फुगते, नुसती जीभ सरकत नाही.

१२ जानेवारी

लिहिण्याची पद्धत ठरली. मोकळे स्वर साधे: इ, ए, ओ, उ. आवळलेल्यांना खाली आडवी रेघ: इ॒, ए॒, ओ॒, उ॒. वैदिक अनुदात्ताचं चिन्ह उसनं घेतलं आहे. इथे त्याचा सुराशी काही संबंध नाही. ‘आ’ला जोडीदार नाही म्हणून तो रेघेशिवाय, पण तो आवळलेल्यांत मोजायचा.

आता ५ जानेवारीचे शब्द नव्याने लिहिले. ‘तो म्हणतो’ हे ‘ओ॒सि॒’. ‘तो घेतो’ हे ‘ओजे’. ‘तो दाखवतो’ हे ‘ओ॒चि॒रे॒’. खटकलेली गोष्ट मिटली. माझ्या कानाने ‘से’ आणि ‘जे’ यांत एकच ‘ए’ ऐकला होता, पण पहिल्यातला खरं तर आवळलेला ‘इ’ आहे आणि दुसऱ्यातला मोकळा ‘ए’. शब्दातले बाकीचे स्वर ज्याच्या त्याच्या गटाबरोबर जातात: आवळलेल्या धातूला आवळलेला ‘तो’, मोकळ्याला मोकळा. यालाच स्वरमेळ म्हणतात.

सगळ्यात सुंदर जोडी ‘घरटं’ आणि ‘दगड’ यांची. कानाने मी ‘एबुओ’ आणि ‘ॲबोऑ’ असं लिहिलं होतं. पाहून कुणी म्हणणार नाही की यांचा काही संबंध आहे. नव्या पद्धतीत ते ‘एबुओ’ आणि ‘ए॒बु॒ओ॒’. सांगाडा तोच, फक्त एकात घसा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोकळा आणि दुसऱ्यात आवळलेला.

१४ जानेवारी

अकानच्या लिपीचा विचार. नऊ स्वरांसाठी तिथे सातच अक्षरं आहेत.

```
ɔse      ओ॒सि॒     तो म्हणतो
ogye     ओजे      तो घेतो
etuo     एतुओ     बंदूक
ɛboɔ     ए॒बु॒ओ॒    दगड
medi     मिदि     मी खातो
mese     मि॒सि॒    मी म्हणतो
```

`e` हे अक्षर आवळलेल्या ‘इ’लाही चालतं आणि मोकळ्या ‘ए’लाही. तसंच `o` हे मोकळ्या ‘ओ’ला आणि आवळलेल्या ‘उ’ला: बंदुकीतला शेवटचा `o` एक आणि दगडातला मधला `o` दुसरा. शेवटच्या दोन ओळींत तर ‘मी’चा तुकडा नेहमी `me` असाच लिहितात, आणि खाणं मोकळ्या गटातलं असल्यामुळे तिथे तो चक्क साध्या ‘मि’सारखा उच्चारतात.

मित्राला विचारलं की एवढं लपवून कसं चालतं. तो हसला. म्हणाला, शाळेत कुणी शिकवलं नाही, चुकतही कुणी नाही. बोलणाऱ्याला गट माहीत असतो, अक्षराने तो सांगायची गरज नाही. पण मला लक्षात आलं ते वेगळंच: लिपी ठरवणाऱ्यांनी जी दोन-दोन रूपं एका अक्षरात घातली, तीच माझ्या कानानेही एकात घातली होती. ‘इ॒’ आणि ‘ए’ सारखे *ऐकू* येतात, हा केवळ मराठी कानाचा दोष नाही.

१९ जानेवारी

पहिलं ध्वनिमुद्रण झालं आणि फुकटही गेलं.

प्रत्येक शब्द एका ठरलेल्या वाक्यात बसवून म्हणवून घ्यायचा असतो, नाहीतर यादी वाचताना माणूस शेवटी सूर सोडतो. मी घेतलं होतं ‘का … बिओ’, म्हणजे ‘… पुन्हा म्हण’. एकतीस शब्द, प्रत्येकी चार वेळा. रात्री मोजायला बसलो तर ‘ओ॒सि॒’चा शेवटचा स्वर जवळजवळ साध्या ‘सि’सारखा. सुरुवातीचा मात्र स्पष्ट ‘ऑ’, म्हणजे ‘ओ॒’. एकाच शब्दात सुरुवात आवळलेली, शेवट मोकळा? वाटलं, मित्राने दुसराच शब्द म्हटला.

चूक माझ्या वाक्यात होती. ‘बिओ’ हा शब्द मोकळ्या गटातला. अकानमध्ये पुढच्या शब्दाचा पहिला स्वर मोकळा असेल तर आधीच्या शब्दाचा शेवटचा आवळलेला स्वर त्याच्याकडे झुकतो. हा झुकाव शब्दाच्या शेपटीपाशीच होतो, म्हणून डोकं तसंच राहिलं. म्हणजे ज्या स्वरांची तुलना करायची तेच मी स्वतःच्या हाताने एका बाजूला ढकलून ठेवले होते.

नवं वाक्य ‘का … के॒के॒’, म्हणजे ‘नुसतं … म्हण’. ‘के॒के॒’ आवळलेला आहे, तो आवळलेल्याला बिघडवत नाही. मग मोकळ्याला बिघडवेल का? नाही; हा झुकाव एकाच दिशेचा आहे, मोकळ्याकडे. आवळलेला शेजारी मोकळ्याला ओढत नाही. आधीच्या ‘का’चं काय होईल याची चिंता नाही, तो कुणी मोजत नाही.

२६ जानेवारी

सुट्टीच्या दिवशीही मित्र आला. नव्या वाक्यात सगळं पुन्हा. अनुनासिक व्यंजनाशेजारचे स्वर यादीतून काढले, कारण नाकातून आवाज गेला की पुढे जी मोजमापं करायची आहेत ती बिघडतात. यादी एकतीसवरून तेवीसवर आली.

‘इ॒’ आणि ‘ए’ यांची तुलना शेजार सारखा ठेवून करायची होती. ‘ओ॒चि॒रे॒’मधला ‘इ॒’ तालव्य ‘च’नंतर येतो आणि ‘ओजे’मधला ‘ए’ तालव्य ‘ज’नंतर. घोष-अघोषाचा फरक राहतो, पण तो चालवून घेतला. ऐकणे, पुरणे अशा शब्दांत ‘इए’ असा जोडस्वर आहे. तिथे स्वर स्थिर राहत नाही म्हणून ते वापरले नाहीत.

२ फेब्रुवारी

एफ१ काढला. एफ१ म्हणजे स्वराचा पहिला फॉर्मंट, नळीच्या सगळ्यात खालच्या घुमण्याचा आकडा. एरवी हाच उंचीचा निर्देशांक मानतात: जीभ वर तर एफ१ कमी, जीभ खाली तर जास्त. प्रात नावाच्या ध्वनी मोजण्याच्या संगणकीय प्रणालीत एवढंच:

```
To Formant (burg): 0, 5, 5000, 0.025, 50
f1 = Get value at time: 1, t, "hertz", "Linear"
b1 = Get bandwidth at time: 1, t, "hertz", "Linear"
```

पुरुषाचा आवाज असल्यामुळे कमाल ५००० हर्ट्झ ठेवली. मोजायची वेळ स्वराच्या बरोबर मध्यावर.

आलेख काढला. सगळ्यात वर ‘इ’ एकटा, निवांत. सगळ्यात खाली ‘आ’. त्याच्या वर ‘ए॒’. आणि मधे ‘इ॒’ आणि ‘ए’ यांचा एकच ढीग. दोन रंग दिले होते, पण रंग एकमेकांत मिसळून गेले. ‘उ॒’ आणि ‘ओ’ यांचं तेच.

फक्त हा आलेख पाहिला असता तर मी म्हटलं असतं की या भाषेत अग्रस्वर तीन आहेत: इ, ए, ॲ. म्हणजे माझी ५ जानेवारीची शिडी. आणि मग ‘ए’ कधी ‘ऑ’ला बोलावतो आणि कधी ‘ओ’ला, याला काही कारण उरलं नसतं; प्रत्येक धातूपुढे अपवाद म्हणून टिपून ठेवावं लागलं असतं.

४ फेब्रुवारी

दोन वेगवेगळ्या हालचालींचा आकडा एकच कसा येतो, हे स्वतःला पटवायला हिशोब केला. ‘इ’सारख्या अरुंद स्वरात तोंड-घसा म्हणजे बाटली: मागे घशाची पोकळी हे बाटलीचं पोट आणि पुढे जीभ-टाळूमधली अरुंद वाट ही मान. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो सूर येतो, तोच इथे एफ१.

```
F1 = (c / 2π) · √( A / (V · L) )      c = 35000 cm/s

V = 50 cm³   A = 1.0 cm²    L = 6 cm   →  322 Hz
V = 35 cm³   A = 1.0 cm²    L = 6 cm   →  384 Hz
V = 50 cm³   A = 1.43 cm²   L = 6 cm   →  385 Hz
```

व्ही म्हणजे पोटाचं आकारमान, ए म्हणजे मानेचं छेदक्षेत्र, एल म्हणजे मानेची लांबी. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, मित्राच्या घशाचे नव्हेत.

पहिली ओळ मोकळा ‘इ’ समजा. दुसऱ्या ओळीत जीभ-टाळूची वाट जशीच्या तशी ठेवली आणि फक्त पोट ५० वरून ३५ केलं, म्हणजे जिभेचं मूळ मागे घेतलं. एफ१ ३८४ वर गेला. तिसऱ्या ओळीत पोटाला हात लावला नाही, नुसती मान रुंद केली, म्हणजे जीभ जरा खाली आणली. एफ१ ३८५. यातला एक हर्ट्झचा फरक कानाला कळणं शक्यच नाही.

दुसरी ओळ म्हणजे ‘इ॒’, तिसरी ‘ए’. एक घसा आवळून तिथे पोचला, दुसरा तोंड उघडून. एफ१ला रस्ता दिसत नाही, फक्त मुक्काम दिसतो. हे बाटलीचं गणित ‘ए॒’ किंवा ‘आ’ला लावू नये, तिथे मान मानेसारखी राहत नाही. पण नेमक्या या दोन स्वरांसाठी ते पुरेसं आहे.

करून पाहायचं असेल तर: ‘ई’ लांब धरा, जबडा हलू नये म्हणून दातांत पेन्सिल ठेवा, आणि जीभ न हलवता जांभई द्यायला सुरुवात करा. आवाज खोल, पोकळ होतो. मग उलट, घसा गिळताना करतो तसा आवळा. आवाज चिरका आणि ‘ए’कडे झुकलेला वाटतो. पेन्सिलीमुळे तोंड उघडल्याची शंका राहत नाही. सहकारीने करून पाहिलं, तिला दुसऱ्याच प्रयत्नात जमलं. मला ठसका लागला.

९ फेब्रुवारी

मग एफ१शिवाय दुसरं काही आहे का जे हे दोघं वेगळे करेल? सुझन हेस यांनी १९९२ साली अकानवरच काम करताना पहिल्या फॉर्मंटची रुंदी, म्हणजे वरच्या आज्ञेतला `b1`, उपयोगी ठरते असं दाखवलं: मोकळ्या स्वरात तो कळस अरुंद आणि टोकदार, आवळलेल्यात पसरट.

माझ्या मोजणीत? एकेका उच्चाराचा आकडा पाहिला तर विश्वास बसू नये असा. एकाच शब्दाच्या चार उच्चारांत रुंदी दुप्पट-निम्मी होते. सरासरी घेतली तेव्हा कुठे ‘इ॒’ची रुंदी ‘ए’पेक्षा सरळ जास्त दिसली, आणि ‘उ॒’-‘ओ’मध्येही तसंच. म्हणजे कल बरोबर आहे, पण एका उच्चारावरून निवाडा करायला तो वापरता येणार नाही.

का उडतो हेही कळलं. आवाजाचा मूळ सूर ११०च्या आसपास असेल तर ११०, २२०, ३३०, ४४० अशा ठिकाणीच ध्वनीची ऊर्जा असते, मधे काही नसतं. कळस त्यांच्या मधे कुठेतरी आणि त्याची रुंदी किती, हे प्रणाली अंदाजाने सांगते. बाईचा आवाज २२०चा धरला तर ४००च्या जवळचा कळस २२० आणि ४४० या दोनच खुंट्यांवर टांगायचा. यादीतली अनुनासिकं काढली ते बरं झालं. नाकाची वाट उघडली की कळस असाही पसरतो आणि त्याला घशाचं कारण समजून बसलो असतो.

क्ष-किरणांनी किंवा एमआरआयने हे एका नजरेत दिसतं. पीटर लॅडेफोगेड यांनी १९६४ साली नायजेरियातल्या इग्बोच्या स्वरांची क्ष-किरण चित्रं दिली तेव्हा मूळ पुढे-मागे होताना दिसलं होतं, आणि जे. एम. स्ट्यूअर्ट यांनी १९६७ साली अकानचे दोन गट जिभेच्या मुळावरूनच समजावले. त्याआधी लोक ‘ताणलेले’ आणि ‘सैल’ म्हणत. आमच्याकडे असलं काही यंत्र नाही. आमच्याकडे आहे तो स्वरमेळ, आणि खरं सांगायचं तर या कामात त्याहून पक्का साक्षीदार मिळाला नाही.

१६ फेब्रुवारी

सहकारीचा आक्षेप: “हा उंचीचाच मेळ कशावरून नाही? ‘ऑ’ खाली, ‘ओ’ वर. खालच्याला खालचा, वरच्याला वरचा.”

तिला स्वाहिली दाखवली, कारण तिथे खरोखर उंचीचा मेळ आहे. स्वाहिलीत पाचच स्वर, घशाचा काही प्रश्न नाही. ‘च्यासाठी करणे’ हा प्रत्यय कधी ‘इ’, कधी ‘ए’.

```
pika  → pikia     शिजवणे → च्यासाठी शिजवणे
funga → fungia    बांधणे → च्यासाठी बांधणे
soma  → somea     वाचणे → ला वाचून दाखवणे
leta  → letea     आणणे → ला आणून देणे
```

धातूत ‘ए’ किंवा ‘ओ’ असेल तर प्रत्यय ‘ए’, नाहीतर ‘इ’. मधल्या उंचीला मधली उंची. इथे ‘ए’ आणि ‘इ’ एकमेकांच्या विरुद्ध बाजूला आहेत.

आता अकान. तिथे ‘इ’ आणि ‘ए’ एकाच बाजूला आहेत, ‘उ’ आणि ‘ओ’ही. भूतकाळाचं उदाहरण घेऊ:

```
o-fiti-i     ओ-फिति-इ      त्याने भोसकलं
ɔ-cɪrɛ-ɪ     ओ॒-चि॒रे॒-इ॒     त्याने दाखवलं
```

पहिल्यात पुढचा तुकडा मधल्या उंचीचा ‘ओ’, धातू वरच्या उंचीचा ‘इ’, प्रत्यय वरचा. उंची जुळतच नाही, आणि कुणाला त्याची पर्वा नाही. दुसऱ्यातही एकाच धातूत ‘इ॒’ आणि ‘ए॒’, उंच आणि मधला, शेजारी सुखाने नांदतात. प्रत्येक शब्दात उंची हवी तशी वर-खाली होते. न बदलता राहतो तो घसा.

आणि सगळ्यात मोठं कोडं तिच्याच म्हणण्यात आहे. एफ१च्या आलेखावर ‘इ॒’ आणि ‘ए’ एकाच उंचीवर आहेत. मेळ उंचीचा असता तर दोघांनी एकाच प्रकारचा ‘तो’ मागितला असता. ‘ओ॒सि॒’ आणि ‘ओजे’ मागतात वेगवेगळे. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “म्हणजे सारखे दिसणारे दोघं जण कोणाच्या पंगतीला बसतात त्यावरून घराणं ओळखायचं.” हे मी वहीत लिहून ठेवलं.

२३ फेब्रुवारी

मोठ्या शब्दसंग्रहावर गट लावण्यासाठी छोटं काहीतरी लिहिलं. लिपीत `ɛ`, `ɔ` ही अक्षरं फक्त आवळलेल्यांची आणि `i`, `u` फक्त मोकळ्यांची, तेव्हा त्यांच्यावरून `e` आणि `o` ठरवता यावेत.

```python
def gat(shabd):
    if "ɛ" in shabd or "ɔ" in shabd:
        return "-ATR"
    if "i" in shabd or "u" in shabd:
        return "+ATR"
    return "?"
```

`etuo`, `ɛboɔ`, `ɔse` बरोबर आले. `ogye`ला प्रश्नचिन्ह आलं, तेही ठीक. तिथे माणसाला ठाऊक आहे की ‘तो’साठी `o` म्हणजे नक्की मोकळा, कारण आवळलेला असता तर `ɔ` लिहिला असता. नुसत्या `se` आणि `gye`बद्दल मात्र अक्षरांवरून काहीच सांगता येत नाही. त्यांना आधी ‘तो’ लावून बोलवावं लागतं.

पण एका शब्दाने गाडी घसरली.

```
ɔkari   → "-ATR"
```

‘तो वजन करतो’. धातूत `i` आहे, तो मोकळा. तरी पुढचा तुकडा `ɔ`, आवळलेला. नियमाने पाहिलं तर अख्खा शब्द आवळलेला, आणि मग `i` कुठून आला?

२ मार्च

अडथळा ‘आ’चा आहे. नवव्या स्वराला मोकळ्या ओळीत जोडीदार नाही, हे १२ जानेवारीला लिहिलं होतं. त्याची किंमत आता कळली.

‘कारि’ या धातूत आधी ‘आ’, मग मोकळा ‘इ’. पुढचा तुकडा आपल्या जवळचा स्वर पाहतो. तो आहे ‘आ’, आवळलेला, म्हणून ‘ओ॒’ येतो. शेवटच्या बाजूचा प्रत्यय ‘इ’ पाहतो आणि मोकळा येतो: ओ॒-कारि-इ. उलटं उदाहरण ‘बिसा’, म्हणजे विचारणे. इथे आधी मोकळा ‘इ’, मग ‘आ’. पुढे ‘ओ’, मागे ‘इ॒’: ओ-बिसा-इ॒, ‘त्याने विचारलं’. एका शब्दात एक दार मोकळं, एक आवळलेलं, आणि मेळ ‘आ’ ओलांडत नाही.

मित्राकडून ‘ओ॒कारि’ दहा वेळा म्हणवून घेतलं. त्यातला ‘आ’ इतर ‘आ’सारखा नाही, जरा पुढे आणि वर, आपल्या ‘ॲ’च्या अंगाने. मोकळ्या ‘इ’च्या आधी आल्यामुळे ‘आ’सुद्धा तिकडे झुकतो. आणि तरीही मेळाच्या हिशोबात तो आवळलेलाच राहतो, पुढच्या तुकड्याला ‘ओ’ होऊ देत नाही. झुकणं आणि गट बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९ जानेवारीला ‘बिओ’च्या आधी ‘ओ॒सि॒’ची शेपटी झुकली होती आणि डोकं तसंच होतं, तेही याच जातीचं असावं असं आता वाटतं.

२३ फेब्रुवारीचा प्रोग्राम दुरुस्त केला नाही. शब्दाला एकच गट देणं हाच त्याचा दोष आहे. आता प्रत्येक अक्षराला वेगळी खूण देतो, आणि ज्या शब्दात `a` आहे तो हाताने पाहायचा.

९ मार्च

नायजेरियातल्या योरुबाची दोन उदाहरणं सहकारीने आणली: ‘ओगेदे’ म्हणजे मंत्र, ‘ऑगॅदॅ’ म्हणजे केळं. पहिल्यात सगळे ‘ओ-ए’, दुसऱ्यात सगळे ‘ऑ-ॲ’. हाही मेळच. पण योरुबात सात स्वर आहेत आणि फरक फक्त मधल्या उंचीवर. ‘इ’ आणि ‘उ’ एकेकच. तिथे ‘इ॒’ नाही, म्हणून ‘इ॒’ आणि ‘ए’ यांचा पेच उभाच राहत नाही. ‘ए’ला वरचा-मधला आणि ‘ॲ’ला खालचा-मधला म्हटलं तरी सगळी उदाहरणं जुळतात, आणि जिभेच्या मुळावरून सांगितलं तरी जुळतात. नुसत्या मेळावरून तिथे निवाडा होत नाही. म्हणून योरुबा या वहीत ‘ओ-ए’ आणि ‘ऑ-ॲ’ असंच लिहायचं, रेघ काढायची नाही.

इग्बोचं उलट. तिथे आठ स्वर, बरोबर चार-चार, आणि लिपी फरक लपवत नाही: आवळलेल्या तीन स्वरांच्या खाली टिंब असतं आणि चौथा ‘आ’. ‘त्याने केलं’ हे ‘ओ मेरे’, ‘त्याने विकत घेतलं’ हे ‘ओ॒ झु॒रु॒’, ‘त्याने धुतलं’ हे ‘ओ॒ सारा’. भूतकाळाच्या प्रत्ययाचा स्वर धातूचाच स्वर पुन्हा घेतो आणि ‘तो’ त्याच्या गटाप्रमाणे बदलतो. ‘सारा’च्या आधी ‘ओ॒’ आला कारण इग्बोत ‘आ’ हाच ‘ए’चा आवळलेला जोडीदार आहे, अकानसारखा तो एकटा पडलेला नाही. स्वराखालच्या माझ्या रेघेला मी फार हुशारी समजत होतो. इग्बोवाल्यांनी टिंब आधीच देऊन ठेवलेलं होतं.

१६ मार्च

तेवीस शब्दांच्या खुणा बदलून झाल्या. ‘ए’ म्हणून नोंदलेल्या ढिगाचे दोन भाग केले. आलेखावर ते अजूनही एकमेकांवरच बसलेले दिसतात, फक्त आता फाइलमध्ये नावं वेगळी आहेत. चार धातू प्रश्नचिन्हात राहिले आहेत. पुढच्या रविवारी मित्राकडून ते ‘तो’ लावून, ‘के॒के॒’च्या वाक्यात म्हणवून घ्यायचे.